कार्यालयातील दादागिरी आणि कंपनीची नियमावली: नेमके कलम कसे शोधावे आणि तक्रारीत कसे मांडावे (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

खासगी कंपन्यांत नोकरी करणाऱ्यांकडून गेल्या काही वर्षांत जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, त्यांतील निवडक प्रश्न येथे एकत्र केले आहेत. बहुतेकांची तक्रार खरी असते आणि पुरावाही हाताशी असतो. तरीही एचआरकडून "दोघांनी बसून मिटवा" असे उत्तर येते, कारण तक्रारीत दुःख लिहिलेले असते आणि मोडलेला नियम लिहिलेला नसतो. नमुन्यासाठी दिलेली कलमे व त्यांचे क्रमांक केवळ समजावण्यासाठी आहेत. आपल्या कंपनीतील शब्दरचना वेगळी असेल आणि तक्रारीत तीच उद्धृत करावी.

१. हँडबुक, कोड ऑफ कंडक्ट, पॉलिसी, नेमणूकपत्र: यांतले मी नक्की काय वाचायचे?

सुरुवात नेमणूकपत्रापासून करावी. त्यात बहुधा शेवटच्या पानांवर "कंपनीचे वेळोवेळी लागू असलेले नियम आपल्यावर बंधनकारक राहतील" अशा अर्थाचे वाक्य असते आणि कधी कधी त्या नियमांची नावेही दिलेली असतात. ती नावे हीच आपली वाचनाची यादी. हँडबुकात रजा, वेळा, मूल्यमापन, तक्रार कोणाकडे करायची असे दैनंदिन नियम असतात. कोड ऑफ कंडक्टमध्ये वागणुकीचे नियम असतात. शिस्तभंगाची कारवाई कशी होते आणि गैरवर्तन कशाला म्हणतात, हे पुष्कळदा तिसऱ्याच कागदात किंवा परिशिष्टात दडलेले असते. हा तिसरा कागद लोक वाचतच नाहीत, आणि तक्रारीसाठी तोच सर्वांत महत्त्वाचा असतो (कारण प्रश्न ४ मध्ये).

२. एचआरकडे हँडबुक मागितले तर त्यांना लगेच संशय येईल. दुसरा मार्ग आहे का?

बहुतेक वेळा आहे. रुजू होताना आलेल्या ईमेलची जोडपत्रे, कंपनीचे इंट्रानेट आणि दरवर्षी करून घेतले जाणारे आचारसंहितेचे ऑनलाइन प्रशिक्षण ही तीन ठिकाणे आधी पाहावीत. कंपनी शेअर बाजारात सूचिबद्ध असेल तर तिची आचारसंहिता आणि व्हिसल ब्लोअर धोरण संकेतस्थळावर गुंतवणूकदारांसाठीच्या विभागात सहसा उघड असते.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. घाबरलेला माणूस पहिली गोष्ट करतो ती म्हणजे सगळी नियमावली स्वतःच्या खासगी ईमेलवर पाठवणे. पुष्कळ कंपन्यांत ही नियमावली "केवळ अंतर्गत वापरासाठी" असते आणि ती बाहेर पाठवणे हाच गोपनीयतेचा भंग ठरतो. मग तक्रार बाजूला राहते आणि तक्रारदाराचीच चौकशी सुरू होते. त्याऐवजी वहीत चार गोष्टी हाताने उतरवून घ्याव्यात: दस्तऐवजाचे पूर्ण नाव, आवृत्ती क्रमांक, लागू झाल्याची तारीख, आणि आपल्याला हवे असलेले कलम शब्दशः.

३. आमच्या हँडबुकात "बुलिंग" हा शब्दच नाही. मग कलम शोधायचे कशाखाली?

भारतात कार्यालयातील दादागिरीवर स्वतंत्र असा कायदा नाही, त्यामुळे ज्या कंपन्यांच्या नियमावल्या परदेशी मुख्यालयातून आलेल्या नाहीत त्यांत हा शब्द नसणे स्वाभाविक आहे. वर्तन मात्र वेगवेगळ्या नावांनी तेथे असते. छळ, धाकदपटशा, अपमानास्पद भाषा, शिवीगाळ, प्रतिकूल वातावरण, अधिकाराचा गैरवापर, शिस्तीला बाधक कृत्य, सूडबुद्धीने केलेली कारवाई हे शब्द शोधावेत. दस्तऐवज इंग्रजीत असेल तर त्यांचे इंग्रजी प्रतिशब्द टाकून पाहावेत.

शोध घेण्यापूर्वी व्याख्यांचे प्रकरण वाचावे. तेथे "छळ" या शब्दाची व्याख्या केवळ लिंग, धर्म, जात, अपंगत्व अशा कारणांपुरती मर्यादित केलेली असू शकते. तसे असेल तर ज्या साहेबाचा त्रास सगळ्यांनाच सारखा होतो त्याच्यावर ते कलम बसत नाही, आणि पुढच्या पानावरचे "सहकाऱ्यांशी वर्तन" हे साधे दिसणारे कलम अधिक उपयोगी पडते. कोणत्याही कलमातील शब्द नेहमीच्या अर्थाने वाचू नयेत. व्याख्या दिलेली असेल तर तिच्याच अर्थाने वाचावेत.

४. "आम्ही एकमेकांचा आदर करतो" असे कोडच्या पहिल्याच पानावर आहे. हे वाक्य उद्धृत केले तर पुरणार नाही का?

एकटे ते वाक्य पुरत नाही. प्रत्येक नियमावलीत दोन प्रकारची वाक्ये असतात: कंपनीची मूल्ये सांगणारी, आणि विशिष्ट कृत्यास मनाई करून त्याचा परिणाम सांगणारी. पहिल्या प्रकारच्या वाक्यावर शिक्षा टिकवणे कंपनीलाच जड जाते. सर्वोच्च न्यायालयाच्या दोन जुन्या निकालांत हा भेद स्पष्ट दिसतो. १९८४ च्या ए. एल. कालरा विरुद्ध प्रोजेक्ट अँड इक्विपमेंट कॉर्पोरेशन या प्रकरणात महामंडळाच्या नियम ४ मध्ये सचोटी राखावी, अशोभनीय वर्तन करू नये असे सर्वसाधारण निकष होते, आणि नियम ५ मध्ये गैरवर्तनांची यादी होती. केवळ सर्वसाधारण निकषाला न उतरणे म्हणजे आपोआप शिक्षापात्र गैरवर्तन नव्हे, असे न्यायालयाने म्हटले आणि सेवेतून काढण्याचा आदेश रद्द केला. ग्लॅक्सो लॅबोरेटरीज प्रकरणातही स्थायी आदेशांत, म्हणजे कारखान्याच्या सेवाशर्तींच्या नियमांत, जे गैरवर्तन म्हणून नमूद नाही त्याबद्दल शिक्षा देता येत नाही, अशीच भूमिका न्यायालयाने घेतली होती.

हे निकाल सार्वजनिक महामंडळाच्या आणि कारखान्याच्या नियमांवरचे आहेत, आणि ते शिक्षा झालेल्या माणसाच्या बाजूने लागलेले आहेत. तरी तक्रारदाराने त्यांतून घेण्यासारखे आहे. कंपनीचा वकील किंवा अनुभवी एचआर अधिकारी आपली तक्रार वाचतो तेव्हा त्याच्या मनात एकच विचार असतो, की यावर कारवाई केली तर ती उद्या टिकेल का. म्हणून आधी गैरवर्तनाच्या यादीतील कलम लिहावे, त्याखाली आचारसंहितेतील मनाई करणारे कलम लिहावे, आणि "आदर" वगैरे वाक्य हवेच असेल तर शेवटी एका ओळीत जोडावे.

५. प्रत्यक्ष कलम घटनेला लावून दाखवता का? मला वाचून कळते, पण लिहिता येत नाही.

लेखा विभागात काम करणाऱ्या एका कर्मचाऱ्याचे उदाहरण घेऊ. त्याच्या वहीत तीन नोंदी आहेत. १२ फेब्रुवारीला विभागाच्या बैठकीत, सहा जणांसमोर, मॅनेजर म्हणाले, "तुला साधी बेरीज येत नाही, गावी जाऊन म्हशी राख." २४ फेब्रुवारीच्या आढावा बैठकीच्या निमंत्रणातून त्याचे नाव आदल्या संध्याकाळी काढले गेले, आणि दुसऱ्या दिवशी सर्वांना प्रत असलेल्या ईमेलमध्ये "बैठकीला का आला नाहीस?" असे विचारले गेले. ६ मार्चला, आधी मंजूर झालेली रजा संध्याकाळी सात वाजता कारण न देता रद्द झाली.

त्याच्या कंपनीच्या आचारसंहितेचे कलम ७.३ असे आहे असे समजू: "कोणताही कर्मचारी सहकाऱ्याचा शब्दाने, लेखनाने अथवा कृतीने अपमान करणार नाही, त्यास धमकावणार नाही, किंवा कामासाठी आवश्यक माहितीपासून अथवा बैठकीपासून त्यास हेतुपुरस्सर दूर ठेवणार नाही. असे वर्तन वारंवार घडल्यास ते परिशिष्ट ब नुसार गंभीर गैरवर्तन समजले जाईल."

आता हे कलम वाक्य म्हणून न वाचता त्याचे तुकडे करावेत. "कोणताही कर्मचारी" यात मॅनेजर येतात, कारण व्याख्येत वरिष्ठांना वगळलेले नाही. ते तपासून घेतलेले असावे. "सहकारी" या शब्दात हाताखालचा माणूस येतो का, हेही व्याख्येतच पाहावे. पुढे तीन मनाया आहेत आणि त्या "किंवा" या शब्दाने जोडलेल्या आहेत, म्हणजे त्यांतील एक सिद्ध झाली तरी कलम मोडले. तेथे "आणि" असता तर तिन्ही दाखवाव्या लागल्या असत्या. एका शब्दाने सगळी तक्रार उभी राहते किंवा पडते, म्हणून हे शब्द पेन्सिलीने अधोरेखित करावेत.

पहिली घटना "शब्दाने अपमान" यात सरळ बसते. दुसरी "बैठकीपासून हेतुपुरस्सर दूर ठेवणे" यात बसते, पण "हेतुपुरस्सर" हा शब्द अवघड आहे, कारण मनातला हेतू कोणी पाहिलेला नसतो. तो आजूबाजूच्या गोष्टींवरून दाखवावा लागतो. निमंत्रणातून नाव काढल्याची सूचना २३ फेब्रुवारीला ६ वाजून ४० मिनिटांनी आली, ते निमंत्रण फक्त मॅनेजरच बदलू शकत होते, आणि गैरहजेरीबद्दल विचारणाही त्यांनीच केली, या तीन वस्तुस्थिती शेजारी ठेवल्या की "चुकून झाले" हे उत्तर तग धरत नाही. तिसरी घटना मात्र ७.३ मध्ये बसत नाही. रजा रद्द करणे हा अपमान नव्हे, धमकी नव्हे, बैठकीपासून दूर ठेवणेही नव्हे. ती ओढूनताणून तेथे घातली तर बाकीच्या दोन घटनांचेही वजन कमी होते. त्यासाठी हँडबुकाचे रजेचे प्रकरण उघडावे. "मंजूर रजा विभागप्रमुखाच्या लेखी कारणाशिवाय रद्द करता येणार नाही" असे काही तेथे असेल, तर ती घटना त्या कलमाखाली स्वतंत्र मांडावी.

मग तक्रारीतील परिच्छेद असा होतो: "दि. १२ फेब्रुवारी रोजी सकाळी ११ च्या विभागीय बैठकीत श्री. … यांनी मला उद्देशून 'तुला साधी बेरीज येत नाही, गावी जाऊन म्हशी राख' असे उद्गार काढले. बैठकीस सहा सहकारी उपस्थित होते (यादी जोडपत्र १). हे वर्तन आचारसंहिता, आवृत्ती ४, कलम ७.३ मधील 'शब्दाने अपमान' या मनाईचा भंग आहे." यात "अत्यंत", "जाणूनबुजून", "नेहमीप्रमाणे" असे शब्द नाहीत. बोललेले वाक्य मात्र जसेच्या तसे आहे. "अपमानास्पद बोलले" असे लिहिल्यास वाचणाऱ्याला ठरवण्यासारखे काही उरत नाही. म्हशींचे वाक्य वाचले की तो स्वतःच ठरवतो.

मूळ कलम इंग्रजीत असेल तर ते इंग्रजीतच शब्दशः उद्धृत करावे. आपण केलेल्या भाषांतरावर वाद निघू शकतो.

६. जितकी कलमे लावू तितकी तक्रार भक्कम होते ना?

नाही. एका तक्रारीत अकरा कलमे पाहिली आहेत, त्यांत कार्यालयीन मालमत्तेच्या वापराचे कलमही होते. चौकशी करणारा अशा वेळी सर्वांत दुबळे कलम उचलतो, ते लागू नसल्याचे दाखवतो आणि बाकीच्यांवरचा विश्वासही उडवतो. प्रत्येक घटनेस एक कलम, फार तर दोन, एवढे पुरे आहे.

७. कलमात "वारंवार" असा शब्द आहे आणि माझ्याकडे एकच मोठी घटना आहे. मग तक्रार करूच नये का?

"वारंवार" हा शब्द कोणत्या वाक्यात आहे ते पाहावे. प्रश्न ५ मधील नमुन्यात तो दुसऱ्या वाक्यात आहे. तेथे एका घटनेनेही मनाई मोडतेच, वारंवारतेमुळे केवळ गांभीर्य वाढते. परंतु "वारंवार केलेले अपमानास्पद वर्तन म्हणजे छळ" अशी व्याख्याच असेल, तर एकट्या घटनेवर ते कलम लावू नये. त्याऐवजी गैरवर्तनाच्या यादीतील शिवीगाळ, धमकी किंवा शिस्तीला बाधक कृत्य अशी एका घटनेवर लागू होणारी नोंद शोधावी. वारंवारता दाखवायची असेल तेव्हा प्रत्येक घटनेची तारीख हवी. "गेले वर्षभर रोजच" या शब्दांना चौकशीत एका घटनेइतकेही मोल मिळत नाही, तर तारखांसह चार नोंदींनी काम होते.

८. अपमान कार्यालयात होत नाही, रात्री व्हॉट्सॲप ग्रुपवर होतो. कलम लागू होते का?

ते कलमातील ठिकाण सांगणाऱ्या शब्दांवर ठरते. वर उल्लेख केलेल्या ग्लॅक्सो प्रकरणातील कळीचा मुद्दा नेमका हाच होता. स्थायी आदेशात आस्थापनेच्या आवारात किंवा आवाराच्या परिसरात घडलेली कृत्ये नमूद होती, आणि आवारापासून दूर घडलेल्या कृत्यांना ते शब्द ताणून लावण्यास न्यायालयाने नकार दिला. म्हणून आपल्या कलमात "आवारात" असे असेल तर ग्रुपवरील संदेशासाठी दुसरे कलम शोधावे. बहुतेक कंपन्यांत आता समाजमाध्यमे व इलेक्ट्रॉनिक संदेश यांविषयी वेगळे धोरण असते, आणि त्यात "कामाशी संबंधित कोणत्याही माध्यमावर" अशी व्यापक शब्दरचना आढळते. ग्रुप कामासाठी बनवलेला आहे हे दाखवणारे दोन-तीन साधे संदेश, उदाहरणार्थ शिफ्टचे वेळापत्रक, अपमानाच्या स्क्रीनशॉटसोबत जोडावेत. ग्रुपचे नाव, पाठवणाऱ्याचे नाव, तारीख आणि वेळ दिसेल असाच स्क्रीनशॉट घ्यावा, आणि मूळ संवाद फोनमधून पुसू नये.

९. मॅनेजर म्हणतात, "मी फक्त कामाबद्दल बोललो." हँडबुकातही "योग्य व्यवस्थापकीय सूचना म्हणजे छळ नव्हे" असे लिहिले आहे. आता?

हा अपवाद रास्त आहे आणि तो आपणच आधी वाचलेला बरा. त्यातील "योग्य" या शब्दावर सगळे अवलंबून असते. कामातील चूक दाखवण्याची पद्धत बहुधा त्याच हँडबुकातील मूल्यमापनाच्या प्रकरणात दिलेली असते: चर्चा दोघांत व्हावी, विशिष्ट चुकीविषयी व्हावी, लेखी नोंद व्हावी, सुधारणेस मुदत द्यावी. मॅनेजरचे वागणे या पद्धतीशी ताडून पाहावे. बेरीज चुकली असेल तर तसे तक्रारीत मान्य करावे. चूक दाखवण्याचा अधिकार मॅनेजरना होता आणि सहा जणांसमोर म्हशी राखायला सांगण्याचा नव्हता, ही दोन वाक्ये स्वतंत्र ठेवली की अपवादाचे कलम त्यांच्या मदतीला येत नाही.

१०. घटना घडली तेव्हा जुने हँडबुक होते, आता नवे आले आहे. कोणते लावायचे?

वर्तनाबाबत, घटनेच्या दिवशी लागू असलेली आवृत्ती. तक्रार कशी व कोणाकडे करायची याबाबत मात्र सहसा तक्रारीच्या दिवशी लागू असलेली. दोन्ही आवृत्त्यांतील कलम सारखेच असेल तर तसे एका ओळीत नमूद करावे.

११. तक्रार ज्यांच्याकडे करायची ते वरिष्ठच त्रास देतात. हँडबुक याबद्दल काही सांगते का?

तक्रार निवारणाच्या प्रकरणात "तक्रार थेट वरिष्ठांविरुद्ध असल्यास" असे उपकलम असते, ते शोधावे. नसल्यास पुढच्या पायरीवरील अधिकाऱ्याकडे जावे आणि पहिली पायरी का वगळली हे एका वाक्यात लिहावे. सूचिबद्ध कंपन्यांना कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १७७ नुसार दक्षता यंत्रणा, म्हणजे गैरप्रकार कळवण्याची सोय, ठेवावी लागते आणि अपवादात्मक प्रसंगी तेथून लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षांपर्यंत थेट पोहोचता येते. मात्र ती यंत्रणा वैयक्तिक गाऱ्हाण्यांसाठी नाही असे तिच्या धोरणात लिहिलेले असू शकते. तिची व्याप्ती वाचूनच तिकडे वळावे.

त्याच वेळी सूडाविषयीचे कलमही शोधून ठेवावे आणि तक्रारीच्या शेवटी त्याचा क्रमांक द्यावा. तक्रारीनंतर बदली, वाईट शेरा असे काही घडले तर ती नव्या कलमाखालील नवी घटना असते, आणि ती प्रश्न ५ मधील रीतीनेच मांडायची असते. खोट्या तक्रारीबद्दलच्या शिक्षेचे कलमही जवळच असते. त्यात "दुष्ट हेतूने" असे शब्द असतील, तर तक्रार सिद्ध न होणे आणि तक्रार खोटी असणे यांतील फरक त्याच शब्दांवर टिकतो.

१२. त्रासाला लैंगिक किंवा जातीचा रंग आहे. तरीही आधी हँडबुकाचेच कलम लावायचे का?

नाही, येथे क्रम बदलतो. महिलेच्या बाबतीत वर्तनाला लैंगिक स्वरूप असेल तर २०१३ चा कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणारा कायदा लागू होतो. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अशा तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती असावीच लागते. तक्रार घटनेपासून, मालिका असल्यास शेवटच्या घटनेपासून, तीन महिन्यांत लेखी द्यावी लागते. कारण पटल्यास समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. एचआरशी कलमांचा पत्रव्यवहार करता करता ही मुदत निघून गेल्याचे पाहिले आहे, आणि त्याचे फार वाईट वाटते. अनुसूचित जाती किंवा जमातीच्या व्यक्तीला त्या वर्गाबाहेरच्या माणसाने लोकांच्या नजरेसमोर मानहानी करण्याच्या हेतूने अपमानित केले, तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. तेथे मार्ग पोलीस ठाण्याचा आहे आणि त्यासाठी कंपनीच्या परवानगीची गरज नाही. हँडबुकाचे कलम या दोन्ही तक्रारींसोबत पूरक म्हणून लावता येते.

१३. एचआरने एका ओळीत कळवले, "सदर कलम लागू होत नाही." पुढे काय?

नम्रपणे, लेखी, एकच प्रश्न विचारावा: कलमाचा कोणता घटक सिद्ध होत नाही? प्रश्न ५ मधील तुकडे येथे पुन्हा कामी येतात. "कलम ७.३ मधील 'कोणताही कर्मचारी', 'शब्दाने', 'अपमान' यांपैकी कोणता घटक १२ फेब्रुवारीच्या घटनेत नाही असे आपले मत आहे, हे कृपया कळवावे" असे लिहिल्यास त्यांना एक तर कारण द्यावे लागते किंवा तक्रार पुन्हा उघडावी लागते. दिलेले कारण बरोबर असेल, म्हणजे खरोखरच एखादा घटक नसेल, तर ते मान्य करून योग्य कलमाखाली सुधारित तक्रार द्यावी. उत्तर न आल्यास अपिलाची मुदत हँडबुकात पाहावी. ती बहुधा दिवसांत मोजलेली असते, आणि ते कामाचे दिवस की कॅलेंडरचे, हे पुन्हा व्याख्यांच्या प्रकरणात सापडते.